पेनड्राइव्हमधले बाबा

बालाघाटात आमच्या वार्डात असं घर सापडणं कठीण, जिथलं लग्न माझ्या वडिलांनी लावलं नाही. ते उकव्याला मँगनीज खाणीच्या ऑफिसात बाबू होते. पण लोकांना त्यांची नोकरी आठवत नसे. बाबा म्हणजे लग्न लावणारे, बौद्धाचार्य. सुट्टीच्या दिवशी पांढरा सदरा घालून ते कधी लांजीच्या बसमध्ये बसत, कधी कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून खेड्यात जात. माईक दिला तर बाजूला सारत. त्यांचा आवाज काही गोड वगैरे नव्हता. पण त्यातला एकही शब्द खाली सांडत नसे. मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीलाही कळायचं की आता नवरदेवानं काय कबूल केलं आणि नवरीनं काय.

ते एक ओळ म्हणत, थांबत, आणि नवरा-नवरी ती ओळ त्यांच्यामागे म्हणत. कोणी तोंडातल्या तोंडात पुटपुटलं की बाबा पुढची ओळ म्हणतच नसत. "आयकू नाई आलं," म्हणत आणि वाट पाहत उभे राहत. लग्नाच्या मांडवात नवरदेवाला असं खडसावणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आणि विधीतले शब्द कोणी गमतीत म्हटलेले तर त्यांना मुळीच खपायचे नाहीत. आम्ही लहानपणी बाहुला-बाहुलीचं लग्न लावताना त्यांची नक्कल केली, तेव्हा दादाच्या पाठीत धपाटा बसला होता. "हे शब्द तालमीचे नोहे," ते म्हणाले होते. "लग्न असंन तवाच म्हणाचे."

माझं लग्न ठरलं त्याच दिवसांत त्यांचा घसा बसला. आधी सर्दी, मग ऊन लागलं, मग लग्नसराईत जास्त बोललो, अशी कारणं ते स्वतःच काढत राहिले. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी स्वरयंत्रात गाठ असल्याचं सांगितलं. पूर्ण स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. ऑपरेशननंतर ते गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतील, जेवतील, हिंडतील-फिरतील, पण बोलू शकणार नाहीत. खाणीच्या दिवसांत ते बिडी ओढत. मी त्या बिडीवर अजून दात खाऊन आहे. बिडी सुटून कितीतरी वर्षं झाली होती, तरी तिनं आपलं काम करून ठेवलं होतं.

लग्नाची तारीख पुढे होती आणि ऑपरेशन थांबणारं नव्हतं. लग्न अलीकडे ओढावं असं मी म्हटलं, तर बाबांनी नकार दिला. मुलाकडच्यांची तयारी नाही, आणि घाईत लावलेलं लग्न त्यांना लग्नच वाटत नसे. त्यावर तोड त्यांनीच काढली. दादा तेव्हा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत टेक्निशियन होता आणि त्याच्याकडे कॅमेऱ्याचा मोबाइल होता, आमच्या खानदानातला पहिला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्याच्या खाटेवर बाबांनी आईकडून पांढरा सदरा मागून घेतला, केस विंचरले, मांडी घालून बसले, आणि दादाला म्हणाले, "घे. पूर्ण विधी घे. तिच्या लग्नात हेच लावजा."

आईनं नंतर मला सांगितलं की आवाज घोगरा झाला होता, पण शब्द तसेच होते, खणखणीत. प्रत्येक ओळीनंतर ते थांबायचे. दादाला वाटलं, थकले. पण तसं नव्हतं. ते मला आणि नवऱ्या मुलाला ओळ मागून म्हणायला वेळ देत होते. मोबाइलकडे पाहत ते थांबत, त्यांच्या मनातल्या आम्ही दोघांनी ओळ म्हटली की मान हलवत, आणि पुढे जात. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून हात जोडून बसला होता म्हणे.

मी तेव्हा बालाघाटातच होते, मी शिकवत होते त्या शाळेत परीक्षा चालू होत्या. संध्याकाळी बाबांचा फोन आला. मी म्हटलं, "बाबा, दादाच्या मोबाइलमधलं मले आताच आयकवा न."

"काहून?" ते म्हणाले. "आता माहा आवाज मांडवातच आयकजो, बाई."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

परत आले तेव्हा त्यांच्या गळ्याला पातळ फडक्याचा पडदा बांधलेला होता आणि हातात पाटी होती. लहान मुलांची, लाकडी चौकटीची. डॉक्टर म्हणाले होते की गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्यातून बोलता येतं. एकानं ते लावून दाखवलं, त्यातून निघणारा आवाज ऐकून बाबांनी पाटीवर लिहिलं, "नको." त्या पाटीवर ते आईशी भांडत, दूधवाल्याशी हिशेब करत, माझ्या साडीच्या रंगावर मत देत. पण कोणी लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं की पाटी पालथी घालून ठेवत. वार्डातली लग्नं आता लांजीकडचे एक वयस्क गुरुजी येऊन लावत होते. आमच्या घरासमोरून वरात जाई तेव्हा बाबा आत जाऊन बसत. त्यांच्याकडे आता एकच लग्न उरलं होतं आणि ते दादाच्या मोबाइलमध्ये होतं.

दादानं बँकेतून कर्ज काढून नवा एलसीडी टीव्ही घेतला, लग्नात मांडवात ठेवायला म्हणूनच. त्याच्या बाजूला पेनड्राइव्ह लावायची फट होती आणि दुकानदारानं त्या फटीची एवढी तारीफ केली की दादा दुसरा टीव्ही पाहायलाही तयार नव्हता. पेनड्राइव्ह खोसा, फोटो पाहा, गाणी ऐका, पिक्चर पाहा. घरी आणून त्यानं मोबाइलमधली फाइल पेनड्राइव्हमध्ये घेतली आणि खोसली. पडद्यावर तीन चौकोन आले. फोटो, म्युझिक, मूव्ही. दादानं मूव्ही दाबलं. आत काहीच नव्हतं.

"फाइल नाई म्हणते," आई म्हणाली. "गेली का काय?"

फाइल होती. टीव्हीला ती दिसत नव्हती. टीव्हीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक मी उघडलं, कारण घरात मास्तरीण मीच होते. मागच्या पानांवर एक तक्ता होता. फोटो असतील तर जेपीजी. गाणी एमपीथ्री. चित्रपट एव्हीआय किंवा एमपीजी. मोबाइलनं घेतलेली फाइल थ्रीजीपी होती आणि त्या तक्त्यात तिला जागा नव्हती. ज्या जातीची फाइल ओळखत नाही ती हा टीव्ही दाखवतही नाही, दारातूनच परत पाठवतो. मला तर हसूच आलं. जातीचा तक्ता आम्हाला काही नवा नव्हता, आता तो टीव्हीतही निघाला.

दादा गेला सायबर कॅफेत. तिथल्या पोरानं नावाच्या शेवटचं थ्रीजीपी खोडून एव्हीआय लिहून दिलं. आता मूव्हीच्या चौकोनात बाबांची फाइल दिसू लागली. दादानं शिटी मारली. बटण दाबलं, काळा पडदा, आणि मधोमध इंग्रजीत वाक्य की ही फाइल चालणार नाही. बाबांनी पाटीवर लिहिलं, "नाव बदलून माणूस बदलत नाही." आणि ते हसले. आवाज नसलेलं त्यांचं हसणं, खांदे हलायचे फक्त. ऑपरेशननंतर मी त्यांना तेव्हाच हसताना पाहिलं.

फोटोंचा वेगळाच घोळ. बाबांनी लावलेल्या जुन्या लग्नांचे फोटो विधीच्या आधी मांडवात दाखवायचे, ही कल्पना दादाची. वार्डातल्या घराघरांतून अल्बम मागून आणले आणि त्याच मोबाइलनं फोटोंचे फोटो काढले. टीव्हीवर ते दिसले खरे. पण एकानंतर दोन यायच्या ऐवजी एकानंतर दहा, अकरा, बारा असे यायचे, आणि दोनाचा नंबर कितीतरी नंतर लागायचा. अलीकडच्या लग्नातल्या पांढऱ्या केसांच्या बाबांनंतर एकदम काळ्या मिशीचे बाबा. शिवाय मोबाइल उभा धरून काढलेले फोटो टीव्हीवर आडवे पडत. मोबाइलमध्ये ते सरळ दिसत, पण टीव्ही काही ते वळवून घेत नसे. बाबा आडवे, नवरी आडवी, मांडवाचे खांब आडवे. आई मान वाकडी करकरून पाहत होती आणि कोण कोणाचं कोण ते सांगत होती.

"सारं एका फाइलीत घेऊन टाकू," दादा म्हणाला. "आधी फोटो, मंग बाबा. स्टुडिओवाला करून देतो म्हणते."

तो लग्नाचा स्टुडिओ होता. मी दादासोबत गेले होते. आत लहानसा कॉम्प्युटर, भिंतीवर फुलांच्या हृदयात बसवलेली जोडपी, आणि लग्नसराई असल्यामुळे टेबलावर कॅसेटींची आणि सीडींची चळत. स्टुडिओवाला भला माणूस होता. बाबांना ओळखत होता. म्हणाला, "हमारे यहाँ की आधी शूटिंग में गुरुजी ही गुरुजी हैं." त्यानं नीट समजावून सांगितलं की नाव बदलून काही होत नाही, आतला मसालाच बदलावा लागतो. तो पूर्ण फाइल टीव्हीला चालेल अशा एव्हीआयमध्ये नवी बनवणार होता, आडवे फोटो सरळ करणार होता, नंबरानं लावणार होता. मोबाइलचं चित्र लहान असल्यामुळे मोठ्या पडद्यावर चेहरा चौकोनी ठिपक्यांचा दिसेल, हेही त्यानं आधीच सांगून ठेवलं.

"म्यूजिक कौन सा डालूँ?" त्यानं विचारलं.

"बासरी टाका," दादा म्हणाला. "शांत काही. फोटोवर शोभंन असं."

स्टुडिओवाल्यानं मान डोलावली. मीही डोलावली. आम्हाला दोघांनाही त्यात वावगं काहीच वाटलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी, घरात हळद चालू असताना दादा पेनड्राइव्ह घेऊन आला. स्टुडिओवाल्यानं टीव्ही गोंधळू नये म्हणून पेनड्राइव्ह पूर्ण साफ करून त्यात ती एकच फाइल ठेवली होती. फोटो घ्यायला दिलेलं मोबाइलचं कार्डही रिकामं करून परत दिलं होतं, लग्नात फोटो काढायला जागा राहावी म्हणून. सगळ्या गिऱ्हाइकांना तो असंच करून देई, आणि त्याला कोणी नावं ठेवली नव्हती.

हळदीचे हात घेऊनच बाया टीव्हीसमोर गोळा झाल्या. फाइल दिसली. चालली. बासरी सुरू झाली आणि एकामागून एक लग्नं येऊ लागली, सरळ, नंबरानं. बायांनी कालवा केला. "हे पाह्य माही माय!" "हौ, आन हा आमचा बुढा, केस होते तवाचा!" माझ्या शेजारच्या काकूनं पदरानं डोळे पुसले. शेवटचा फोटो गेला आणि पडद्यावर ठिपक्यांचा एक चेहरा उमटला, पांढरा सदरा, मागे दवाखान्याची हिरवी भिंत. बाबांनी तोंड उघडायच्या आत खऱ्या बाबांनी हात वर केला. पाटी घेतली. "बस. पुढचं उद्या." आणि त्याखाली रेघ ओढली.

दादानं बंद केलं. त्या शब्दांची तालीम बाबांना चालत नाही हे वार्डातल्या लेकरालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी विहाराच्या पटांगणात मांडव होता. पांढऱ्या साडीत मी, शेजारी नवरा मुलगा, समोर प्रतिमा, मेणबत्त्या, आणि प्रतिमेच्या बाजूला टेबलावर पांढरी चादर टाकून टीव्ही. साऊंडवाल्यानं टीव्हीतून वायर ओढून मोठ्या पेट्यांना जोडली होती. बाबा टीव्हीच्या बाजूलाच खुर्चीवर बसले होते, लोकांकडे तोंड करून, पांढरा सदरा, गळ्याचा पडदाही नवा, पांढरा. लांजीचे गुरुजी पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत होते. सगळे उभे राहिले. आम्ही हात जोडले. दादानं रिमोट दाबला.

फोटो गेले. बासरी वाजत होती. बाबांचा चेहरा आला. ओठ हलले.

बासरी वाजतच राहिली.

मला वाटलं, एवढ्यात थांबेल. बाबांचे ओठ हलत होते, पहिली ओळ, मला ती पाठ होती, ओठांवरून ओळखू येत होती. ओळ संपली. टीव्हीतल्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते थांबले. आम्ही मागून म्हणायची जागा. मी तोंड उघडलं, पण ज्याच्यामागे म्हणायचं तो शब्दच नव्हता. बासरीनं एक लांब गिरकी घेतली. बाबांनी मान हलवली आणि दुसरी ओळ सुरू केली.

खुर्चीतले बाबा आधी टीव्हीकडे पाहत नव्हते, ते लोकांकडे पाहत होते. लोकांचे चेहरे पाहून ते वळले. क्षणभर पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी पाटी घेतली, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि दादासमोर धरली. मी उभी होते तिथून मला ते वाचता आलं. "आवाज वाढव."

दादानं वाढवला. बासरी वाढली. बाबांनी पाटी तशीच धरून ठेवली, वर, आणखी वर. दादानं आणखी वाढवला. पेट्यांतून बासरी पटांगणभर घुमली, मागची लेकरं कानावर हात ठेवून हसायला लागली, आणि पडद्यावर माझे वडील तोंड उघडून-मिटून माझं लग्न लावत होते, मधेमधे थांबून मी म्हणायची वाट पाहत होते. पाटी हळूहळू खाली आली. दादाला रिमोटचं बटण सापडेना. शेवटी साऊंडवाल्यानं वायरच उपसली.

आमच्यात मुहूर्त नसतो. त्यामुळे थांबता आलं. दादा मोटरसायकल घेऊन सुटला आणि थोड्या वेळानं स्टुडिओवाल्याला मागे बसवून आला. त्याच्या अंगात घरचा बनियनच होता. त्यानं टीव्ही पाहिला, कपाळाला हात लावला.

"भैया, असली आवाज तो मैंने निकाल दी थी," तो म्हणाला. "आपने बाँसुरी बोला न. शादी की शूटिंग में असली आवाज कौन रखता है? बच्चों का रोना, बर्तन, कौवे... सब की निकालते हैं. गाना डालते हैं."

"जुनी फाइल?" दादानं विचारलं. "जशीच्या तशी, ते?"

"सीजन है. बन गया तो डिलीट मार दिया. जगह ही नहीं रहती." मग त्यालाच सुचलं. "कार्ड में? कार्ड से कभी-कभी निकल आता है, अगर उस पर कुछ लिया नहीं हो तो."

दादानं खिशातून मोबाइल काढून त्याच्याकडे पाहिलं. त्या कार्डावर कालपासून हळदीचे, मेंदीचे, सकाळच्या तयारीचे, बाबांच्या नव्या सदऱ्याचे फोटो आणि व्हिडिओ भरले होते, कार्ड भरेपर्यंत. माझ्याच लग्नानं माझ्या बापाचा आवाज पुसून टाकला होता. स्टुडिओवाल्यानं नंतर प्रयत्न केला. कितीतरी दिवस तो प्रयत्न करत राहिला. त्यातून दुसऱ्याच कोणाच्या लग्नातले अर्धेमुर्धे फोटो निघाले. माझा त्या माणसावर राग नाही. राग ठेवायला कोणी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

स्टुडिओवाला हात जोडून बाबांसमोर वाकला. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लांजीच्या गुरुजींना खुणेनं पुढे बोलावलं. त्या म्हाताऱ्या माणसाची इच्छा नव्हती. "तुमच्या समोर मी कसं म्हणू?" असं ते म्हणत राहिले. बाबा उठले, त्यांना हाताला धरून आमच्यासमोर उभं केलं आणि परत खुर्चीत जाऊन बसले. विधी झाला. मी मागून ओळी म्हटल्या, स्पष्ट म्हटल्या, "आयकू नाई आलं" असं कोणाला म्हणावं लागू नये इतक्या मोठ्यानं म्हटल्या. बाबा पूर्ण वेळ जमिनीकडे पाहत होते. फुलं टाकायची वेळ आली तेव्हा त्यांच्या मुठीतली फुलं त्यांच्या मुठीतच राहिली.

लोक चांगले होते. प्रत्येकानं मला जाताना सांगितलं, "तुझ्या बाबांनी आमचं लग्न लावलं, काय आवाज होता!" ते सांत्वन करायला म्हणत होते. मला त्यांचा हेवा वाटत होता, आणि हेवा कसला, जळफळाटच. त्या मांडवातल्या प्रत्येक बाईजवळ तो आवाज होता. पुढची कितीतरी वर्षं त्या तो आठवून सांगणार होत्या, आणि मी त्यांच्या घोळक्यात फक्त ऐकणार होते.

दादा त्या टीव्हीसमोर परत बसला नाही. मलाजखंडला गेला की तिथेच राही, सणालाही उशिरा येई. आई म्हणाली, टीव्ही विकून टाकू. बाबांनी विकू दिला नाही.

पुढच्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी आले होते. एक दिवस दुपारी आई दळण आणायला गेली होती आणि मी आतल्या खोलीत पडले होते. पाणी प्यायला उठले तर बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता, पण आवाज काहीच नव्हता. दारातून पाहिलं. बाबा पडद्याच्या अगदी जवळ मांडी घालून बसले होते, पाठ माझ्याकडे. पेनड्राइव्ह फटीत होता. त्यांनी रिमोटनं बासरी बंद करून टाकली होती. पडद्यावरचे ठिपक्यांचे बाबा बोलत होते, आणि समोर बसलेले बाबाही त्यांच्यासोबत ओठ हलवत होते, ओळीला ओळ जुळवून. गळ्याच्या पडद्यामागून फक्त श्वासाची फरफर येत होती. त्यावरून मला कळलं की ते हे आज पहिल्यांदा करत नाहीत. त्यांना कुठे थांबायचं ते पाठ होतं. ओळ संपली. दोघेही थांबले. दोघेही वाट पाहू लागले.

माझ्या तोंडून ती ओळ निघून गेली. मी ठरवून म्हटली नाही. मी दारात उभी राहून, पोट सांभाळत, नवरीनं म्हणायची ती ओळ पूर्ण म्हटली, जशी त्यांना ऐकायला आवडत असे तशी, एकही शब्द न गिळता.

बाबा दचकून वळले. मी उठून दारात आले आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पडद्यावरच्या बाबांनी मान हलवली आणि पुढची ओळ सुरू केली, पण खोलीतल्या बाबांचे ओठ हललेच नाहीत. त्यांनी पाटीकडे हात नेला, आणि मग नेलेला हात परत घेतला. रिमोट उचलून टीव्ही बंद केला, पेनड्राइव्ह ओढून काढला आणि माझ्याजवळ येऊन तो माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, "बाबा, मी जातो आत, तुम्ही पाहा न. मी नाई बोलत." त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. लग्न असेल तेव्हाच म्हणायचे ते शब्द ते चोरून म्हणत होते, आणि मी ते पाहिलं होतं.

मग ते अंगणात जाऊन बसले. त्यानंतर ते होते तोवर त्यांनी तो पेनड्राइव्ह माझ्याकडे परत मागितला नाही.